रक्त दिले, अहवाल कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक ताई आल्या. नववा आठवडा सुरू होता. सोबत तीन वर्षांचा मुलगा होता, फिकट चेहऱ्याचा. त्याच्या हातापायांची बोटे दोनदा सुजली होती आणि दोन्ही वेळा गावात कुणीतरी वाताचे तेल चोळायला सांगितले होते. आम्ही ताईंची सोल्युबिलिटी चाचणी केली. नळीतले द्रावण गढूळ झाले, नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या. म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढे कळले. ताई वाहक आहेत की रुग्ण, हे त्या नळीतून कळत नाही. त्यासाठी नमुना शहरातल्या मुख्य रुग्णालयात पाठवावा लागतो. आम्ही ताईंचा आणि मुलाचा नमुना पाठवला.

ताई चार वेळा विचारायला आल्या. "सिस्टर, तो कागद आला का जी?" कागद आला तेव्हा त्यांना सातवा महिना लागला होता. ताई वाहक, मुलगा रुग्ण. मग नवऱ्याला बोलावून रक्त घेतले. तेही वाहक निघाले.

आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पोटातल्या बाळाची तपासणी साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून मोठ्या रुग्णालयात करता येते. ती करायची की नाही, पुढे काय करायचे, हा निर्णय त्या दोघांचा. आम्ही सांगणारे कोणी नाही. पण निर्णय घ्यायची वेळ होती तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता, आणि कागद आला तेव्हा वेळ निघून गेली होती. पुढे बाळाचे काय झाले ते त्या घराचे आहे, ते येथे लिहीत नाही.

या प्रसंगानंतर आम्ही चौघी-पाच जणी बसलो आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे निधीचा प्रस्ताव द्यायचे ठरवले. आमचे केंद्र लहान आहे. दोन खोल्या, एक परिचारिका, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर, एक फ्रीज, एक सूक्ष्मदर्शक. ते शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचे बाह्यकेंद्र आहे. पहिला प्रस्ताव दोन पानांचा होता. एका पानावर वस्तीवर होणारा अन्याय लिहिला आणि दुसऱ्या पानाला एचपीएलसी यंत्राचे दरपत्रक जोडले. सिकलसेलचे निदान पक्के करणारे हेच यंत्र. शहरात आहे, मग आमच्या गावात का नाही, असा आमचा सरळ सवाल होता.

व्यवस्थापन समितीने तीन प्रश्न विचारले. रोज किती नमुने येतात? यंत्र कोण चालवणार? वीज गेली तर काय? आम्हाला उत्तरे देता आली नाहीत, म्हणून आम्ही भाषण केले. प्रस्ताव परत आला. बाहेर पडताना आम्ही म्हणालो, यांना आमच्या माणसांचे काही पडलेले नाही. आज आमचे मत वेगळे आहे. कागद वेळेवर न येणे हा त्यांचा दोष होताच, आणि तो आम्ही अजूनही सांगतो. पण तो प्रस्ताव चुकीचा होता, आणि चूक आमची होती. वस्त्यावस्त्यांतून असे प्रस्ताव अजून जातात, म्हणून ही चूक नीट मांडणे गरजेचे वाटते.

एचपीएलसी यंत्र रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाचे प्रमाण टक्क्यांत देते. फार चांगले यंत्र आहे. पण ते सुरू केले की रुग्णाचा नमुना घालण्याआधी यंत्र बरोबर मोजते आहे का हे पाहण्यासाठी ज्ञात प्रमाणाचे नमुने चालवावे लागतात. समजा, असे चार नमुने लागतात, आणि त्या दिवशी आपल्याकडे रुग्णांचे तीनच नमुने आहेत. सात चाचण्यांचे रसायन खर्च झाले, त्यातले चार चाचण्यांचे रसायन यंत्राची परीक्षा घेण्यात गेले. रोज असे चालवले तर प्रत्येक अहवाल दुपटीहून महाग पडतो. मग आपण म्हणणार, आठवडाभर नमुने साठवू आणि पंधरा झाले की एकदम चालवू. आता हिशेब जमतो. पण रुग्णाला आठवडाभर थांबावे लागते. आठवडाभर थांबायचेच असेल तर नमुना शहरात पाठवून तेवढ्याच दिवसांत अहवाल आणता येतो. मग गावात यंत्र बसवून मिळवले काय?

शिवाय त्या यंत्राला थंड खोली लागते, वीज स्थिर लागते, शिकलेला लॅब टेक्निशियन लागतो, आणि उघडलेले रसायन ठरावीक मुदतीत संपवावे लागते. असे यंत्र लहान केंद्रावर गेले की पहिल्या वर्षी उद्घाटनाचा फोटो येतो. दुसऱ्या वर्षी रसायनाचे पैसे येत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी यंत्रावर कापड पडते. देणगीच्या पाटीखाली झाकून ठेवलेली यंत्रे आम्ही नोकरीत असताना पाहिली आहेत.

प्रस्ताव परत आल्यावर आम्ही केंद्रातली नमुन्यांची वही काढली. तिच्यात तीन रकाने होते: नाव, नमुना पाठवल्याची तारीख, अहवाल मिळाल्याची तारीख. तिसरा रकाना अनेक पानांवर कोरा होता. काही नमुने गाडीतच उन्हात खराब झाले होते. काहींचे अहवाल तयार होऊन रुग्णालयाच्या खिडकीवर पडून होते, कारण ते आणायचे कुणाचे काम हे ठरलेच नव्हते. काहींची नावे दोन्हीकडे वेगवेगळी लिहिली गेली होती, म्हणून जुळत नव्हती. शहरातल्या एचपीएलसी यंत्राने त्याचे काम केले होते. माणूस हरवत होता तो यंत्राच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रस्त्यावर.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट येते. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडलेला असतो. तथागत आनंदासह तेथे येतात आणि त्याला दोन गोष्टी विचारतात: तुला काय आजार आहे, आणि तुझी काळजी घेणारे कुणी आहे का. मग स्वतः पाणी घालून त्याला स्वच्छ करतात. आम्ही परिचारिका ही गोष्ट वर्षानुवर्षे सेवाभावासाठी सांगत आलो. वही पुढ्यात असताना आम्हाला ती वेगळी दिसली. पहिला प्रश्न निदानाचा आहे आणि दुसरा निदानानंतरचा. आमच्या पहिल्या प्रस्तावात फक्त पहिलाच प्रश्न होता.

दुसरा प्रस्ताव आम्ही या दोन प्रश्नांवर बांधला आणि त्यात तीनच गोष्टी मागितल्या.

पहिली, बोटाच्या रक्ताच्या थेंबावर चालणाऱ्या तपासपट्ट्या. मलेरियाची किंवा गरोदरपणाची पट्टी असते तशाच. साधारण दहा-पंधरा मिनिटांत पट्टीवर नेहमीचे हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन यांच्या वेगळ्या रेषा दिसतात. दोन्ही दिसल्या तर वाहक असण्याची शक्यता, फक्त सिकलची दिसली तर रुग्ण असण्याची. सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळात फसते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते. रक्त फार कमी असलेल्या माणसातही ती खोटी निर्दोष येऊ शकते. म्हणजे ज्या बाळाला आणि ज्या बाईला चाचणीची सर्वांत जास्त गरज, तिथेच ती दगा देते. पट्टीचे तसे नाही. ताईंच्या बाबतीत पट्टी असती तर वाहक असल्याचे त्याच दिवशी कळले असते, आणि नवऱ्याची चाचणी त्याच आठवड्यात झाली असती.

पट्टीच्या मर्यादाही आम्ही प्रस्तावात लिहिल्या, कारण लपवलेली मर्यादा पुढे रुग्णाच्या अंगावर येते. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेले असेल तर देणाऱ्याचे हिमोग्लोबिन पट्टीवर उमटते आणि रुग्ण वाहक भासतो. म्हणून बोट टोचण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दुसरे असे की एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला असेल तर पट्टीला ते ओळखता येत नाही. म्हणून पट्टीवर सिकल दिसलेला प्रत्येक नमुना एचपीएलसीसाठी शहरात जाईलच. फक्त पट्टीवरून कुणालाही आयुष्यभराचा शिक्का मारायचा नाही, हे वाक्य आम्ही प्रस्तावात ठळक लिहिले.

दुसरी गोष्ट, एक लहान सेल काउंटर. सीबीसी करणारे हे यंत्र थोड्याशा रक्तातून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि तांबड्या पेशींचा आकार देते. सिकलसेलच्या निदानाचे हे यंत्र नव्हे. मग ते का मागितले? हायड्रॉक्सीयुरिया या गोळीसाठी. या गोळीमुळे वेदनेचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. पण ती पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमीही करू शकते. म्हणून सुरुवातीला काही आठवड्यांनी आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी पाहावी लागते. गावात सीबीसी नाही, म्हणून डॉक्टर गोळी सुरू करायला कचरतात. गोळी सुरू केली तरी रुग्ण तपासणीसाठी बसभाडे आणि मजुरी बुडवून शहरात जात नाही, आणि मग गोळी बंद पडते. गोळी सरकारी दवाखान्यात असूनही घरात पोचत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

सेल काउंटरही फुकट चालत नाही. रुग्ण नसले तरी रोज सुरू-बंद करताना तो रसायन पितो. बरेच काउंटर फक्त त्यांच्याच कंपनीचे रसायन घेतात, म्हणून यंत्र स्वस्त आणि रसायन महाग असा प्रकार होतो. आम्ही दरपत्रक मागताना यंत्राच्या किमतीसोबत दोन वर्षांच्या रसायनाची, नियंत्रण नमुन्यांची, यूपीएसची आणि दुरुस्ती कराराची किंमत एकाच कागदावर मागितली. असे केल्यावर विक्रेत्यांचा क्रम बदलला. जो सर्वांत स्वस्त होता तो तिसरा गेला.

यंत्राचा आकडा केव्हा मानायचा नाही, हेही लिहिले. नळीत रक्ताची गुठळी असेल तर प्लेटलेट खोट्या कमी येतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात कधी कधी अपक्व तांबड्या पेशी असतात, त्यांना काउंटर पांढऱ्या पेशी समजून मोजतो आणि संख्या उगाच वाढते. असा आकडा आला की काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. म्हणून सूक्ष्मदर्शक निकालात काढायचा नाही आणि तो पाहता येणारा माणूस हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि समितीला सर्वांत अवघड गेली. नमुन्यांसाठी थंड डबा, आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, नमुन्यावर आणि वहीत एकच क्रमांक, आणि सात दिवसांत अहवाल केंद्रात पोचवण्याची जबाबदारी रुग्णालयातल्या एका ठरावीक पदावर, लेखी. आठव्या दिवशी तिसरा रकाना कोरा दिसला तर फोन कुणाला करायचा, हे भिंतीवर लिहिलेले असेल. अहवाल आल्यावर घरी जाऊन समजावणाऱ्या समुपदेशक बाईचे अर्धवेळ मानधन यातच धरले.

समितीच्या तीन प्रश्नांची उत्तरेही आता देता आली. रोजचे नमुने वहीतून काढून महिनावार मांडले. अंदाज लिहिला नाही, वहीतले आकडेच लिहिले. यंत्र कोण चालवणार? परिचारिका पट्टी करील, आणि काउंटरसाठी मुख्य रुग्णालयातला टेक्निशियन डॉक्टरांच्याच दोन दिवशी येईल. वीज गेली तर? पट्टीला वीज लागत नाही आणि काउंटर यूपीएसवर चालू काम पूर्ण करील. शेवटी आम्ही एक अट स्वतःवर घालून घेतली: सहा महिन्यांनी वही तपासा. तिसरा रकाना भरलेला नसेल तर काउंटर उचलून दुसऱ्या केंद्राला द्या. यावर आमच्यात भांडण झाले. हातात आलेले यंत्र परत देण्याची भाषा कशाला, असे काहींचे म्हणणे होते. पण वापराविना पडलेले यंत्र हे दुसऱ्या एखाद्या वस्तीच्या तोंडचे काढून घेतलेले असते, असे आम्हाला वाटते.

याहून मोठा आक्षेप वस्तीतूनच आला. विहारात आम्ही प्रस्ताव वाचून दाखवला तेव्हा एक ज्येष्ठ उपासक उठले. म्हणाले, "शहरातल्याला एचपीएलसी आणि आपल्याला पट्टी? आजवर आपल्या वाट्याला उरलेलेच आले. आता आपणच उरलेले मागायचे का?" सभागृहात शांतता झाली. हा प्रश्न हलका नाही. आमच्या पहिल्या प्रस्तावामागेही हीच भावना होती.

त्यांना आम्ही जे सांगितले ते येथे सांगतो. समता यंत्राच्या पत्त्यावरून मोजू नये, अहवालाच्या तारखेवरून मोजावी. शहरातल्या माणसाला ज्या यंत्राचा अहवाल सात दिवसांत मिळतो, त्याच यंत्राचा अहवाल गावातल्या ताईंना सात दिवसांत मिळाला पाहिजे. त्यात आम्ही एक दिवसाचीही सूट देणार नाही. पट्टी ही एचपीएलसीच्या ऐवजी नाही. ती त्याच्या आधी आहे, म्हणजे वाट पाहण्याचे दिवस वाया जाऊ नयेत. उद्या कुणी पट्टी दिली म्हणून एचपीएलसी बंद करू लागले, तर त्या उपासकांच्या मागे आम्ही पहिल्या रांगेत उभ्या राहू.

विदर्भात या आजाराची ओळख नवीन नाही. मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी शुक्ल आणि सोळंकी यांचा लेख 1958 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण हा आजार आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे, हे विदर्भातल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. मोहिमेच्या नकाशात आपले गाव येते की नाही याची वाट न पाहता, ज्या रुग्णालयाचे केंद्र गावात आहे त्याच्याकडे मागणी करणे हा आपला हक्क आहे.

पैशांबाबत एक सावधगिरी. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. तो निधी गरीब रुग्णांच्या उपचारासाठी आहे. यंत्र त्यातून मागितले तर प्रस्ताव अडकतो आणि उद्या उपचाराच्या पैशाला कात्री लागते. यंत्र भांडवली खर्चातून किंवा देणगीतून मागावे, आणि पुढे उपचार लागणाऱ्या रुग्णांसाठी त्या निधीची वेगळी आठवण द्यावी. दोन्ही एका अर्जात मिसळू नयेत.

पक्क्या अहवालाचा आणखी एक उपयोग आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. पण दिव्यांग प्रमाणपत्राच्या दारात गढूळ झालेली नळी चालत नाही. एचपीएलसीचा अहवाल हरवला तर त्या मुलाच्या शाळेतल्या सवलती आणि पुढचे हक्कही त्याच खिडकीवर पडून राहतात.

समितीने पट्ट्या आणि सेल काउंटर मंजूर केले आहेत, एका वर्षाच्या रसायनासह. दुसऱ्या वर्षाचे आणि समुपदेशक बाईंच्या मानधनाचे उत्तर अजून आलेले नाही. अहवालाची जबाबदारी कोणत्या पदावर, या ओळीपुढे तर फक्त "विचाराधीन" असे लिहिले आहे. म्हणजे आपला पहिला प्रश्न त्यांनी ऐकला आणि दुसरा टेबलावर ठेवला. काउंटरच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावणे आले आहे. आम्ही जाऊ, आणि सोबत वही नेऊ. फीत कापण्याआधी तिसऱ्या रकान्याचे पान उघडून समितीपुढे ठेवू आणि विचारू, या पानाची सही कोण करणार?

तुमच्या गावाजवळच्या केंद्रातही अशी वही असेल. नसेल तर एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा. निधीचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा दरपत्रकाच्या आधी तिचे पान जोडा.